आधी ठिपके बघ, मग उतार वाच

जाहिरात खर्च आणि विक्रीचा डेटा हातात आला की लगेच रिग्रेशन चालवू नकोस. आधी स्कॅटर प्लॉट काढ.

समज, सहा महिन्यांचा जाहिरात खर्च २, ३, ४, ५, ६ आणि १० हजार आहे. विक्री अनुक्रमे ३१, २९, ३०, ३१, २९ आणि ४८ हजार. रेषा येते: विक्री = २२ + २.२ × खर्च. आर-स्क्वेअर ०.७१, पी-व्हॅल्यूही ०.०५ च्या खाली. अहवालात टाकायचा मोह होणारच!

आता शेवटचा महिना काढून पुन्हा चालव. उतार थेट उणे ०.२, म्हणजे संबंध जवळपास नाहीच. सगळा डोलारा एका ठिपक्यावर उभा होता. गंमत म्हणजे रेसिड्युअल, म्हणजे खरी विक्री आणि रेषेवरची विक्री यांतला फरक, बघून हे कळत नाही. त्या महिन्याचा रेसिड्युअल फक्त ४ आहे, तर ६ हजार खर्चाच्या महिन्याचा उणे ६.२. दूरचा ठिपका रेषेला स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून तो निर्दोष दिसतो.

मग विचार, त्या महिन्यात खर्च का वाढवला? बहुतेकदा उत्तर असतं, सीझन होता, विक्री वाढणारच होती. म्हणजे अपेक्षित विक्रीमुळे जाहिरात वाढली, आणि आपण उलटं वाचतोय. सीझनसाठी डमी व्हेरिएबल, म्हणजे सीझन असेल तर १, नसेल तर ० असा रकाना, घालता येतं, पण सीझनचा एकच महिना असेल तर त्याचा उपयोग नाही; डमी तो ठिपका पूर्ण गिळते आणि उतार पुन्हा उणे ०.२ वरच येतो. किमान दोन-तीन वर्षांचा मासिक डेटा माग. तो मिळेपर्यंत अहवालात दोन्ही उतार शेजारी-शेजारी दे.