आयएटीचा स्कोअर कितपत खरा?

प्रश्न: ऑनलाइन आयएटी, म्हणजे मनातला छुपा कल तपासणारी इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट दिली, गोऱ्यांकडे 'स्ट्राँग' कल आला, म्हणजे मी आतून रेसिस्ट आहे का?

उत्तर: एवढ्यावरून नाही म्हणता येत. टेस्ट फक्त वेळ मोजते, म्हणजे गोरे चेहरे आणि चांगले शब्द एकाच बटणावर असताना तुझी बोटं पटापट चालली आणि काळे चेहरे-चांगले शब्द एकत्र आल्यावर शंभरेक मिलिसेकंद अडखळली, तर पहिली जोडी डोक्यात जास्त घट्ट बसलीय इतकंच कळतं. ती तुला पटलीय की टीव्ही बघून नुसती रुजलीय, हे घड्याळाला काय कळणार? शिवाय कुठली जोडी आधी आली यानेही आकडा हलतो. हजारो लोकांच्या सरासरीसाठी ठीक आहे, पण पुढच्या आठवड्यात तूच परत दे, 'स्ट्राँग'चं 'स्लाइट' झालं तरी नवल नाही, दोन वेळच्या स्कोअरमधलं कोरिलेशन साधारण 0.5 च येतं.