विद्यार्थी म्हणतो, कॅल्क्युलेटरचं उत्तर चुकूच शकत नाही. त्याला कसं समजवायचं?

उत्तर त्याच्याच तोंडून काढून घ्या. डिप्लोमाच्या वर्गातलं उदाहरण: 30 अंशांचा गुळगुळीत उतार, त्यावर 10 किलोचा ठोकळा. उताराच्या दिशेनं वजनाचा घटक किती?

“सर, उणे 96.8 न्यूटन.”
“पूर्ण वजन किती?”
“98.”
“म्हणजे एवढ्याशा उतारावर जवळजवळ सगळं वजन? आणि तेही उणे, म्हणजे चढाकडे?”
“पण सर, कॅल्क्युलेटरच तसं दाखवतोय!”
“बरं, नुसतं sin 30 काढ.”
“-0.988.”
“तक्त्यात किती पाठ केलंयस?”
“0.5… मग हा बिघडलाय?”
“नाही. वर कोपऱ्यात बारीक R दिसतोय का? तो 30 रेडियन धरतोय, म्हणजे जवळपास 1719 अंश. त्या कोनाचं उत्तर त्यानं अचूक दिलंय.”

D वर आणल्यावर 49 न्यूटन येतात.

इथे ‘यंत्र चुकलं’ असं मुळीच म्हणू नका. यंत्र बरोबर होतं, त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता. मुलांना हे लगेच पटतं. मात्र कोन लहान असेल तर उत्तर इतकं विचित्र दिसेलच असं नाही: sin 1 रेडियनमध्ये 0.841 येतो आणि तो सहज खपून जातो. म्हणून पेपर सुरू करण्याआधी प्रत्येकानं sin 30 दाबून बघावं.