जांघेतली खाज: सगळाच काही नायटा नसतो

«सर, चार महिने झाले, दोन्ही जांघांत लाल होऊन आग होते. मेडिकलमधून ट्यूब आणली की आठ दिवस बरं वाटतं, सोडली की परत येतं. मित्र म्हणतात नायटा आहे. मला भीती वाटते की हा गुप्तरोग तर नाही? लाजेपोटी घरी बोललो नाही, बायकोपासून लांबच झोपतो.»

आधी भीतीचं बोलू. जांघेच्या घडीतली लाली आणि खाज बहुतेक वेळा गुप्तरोग नसतो. शरीरसंबंधातून होणाऱ्या आजारांत साधारणपणे लिंगावर किंवा आसपास फोड, जखम, स्राव किंवा गाठ दिसते. तसं काही असेल तर वेळ न घालवता दाखवा. नसेल, तर उरलेल्या तीन शक्यता जास्त जवळच्या आहेत: नायटा, घडीचा दाह आणि कॅन्डिडा नावाच्या यीस्टचा संसर्ग. तिघांचं औषध एक नाही, म्हणूनच एकच ट्यूब सगळ्यांना चालत नाही.

त्वचारोग तज्ज्ञांच्या दवाखान्यात समुपदेशन करताना माझ्याकडे एक आचारी आले होते. चाळिशीच्या पुढचे, अंगाने भारी. दिवसभर भट्टीसमोर उभं राहायचं, कमरेखाली जाड जीन्स, आत घट्ट नायलॉनची चड्डी. तक्रार तुमच्यासारखीच. घाण साठते म्हणून ते दिवसातून तीन वेळा जंतुनाशक साबणाने जागा घासून धूत, वर भरपूर पावडर टाकत आणि घाई असल्याने ओल्या अंगावरच कपडे चढवत. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब पिशवीतून काढून दाखवली, तिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासॉल हे जोरदार स्टेरॉइड एकत्र होतं.

मी त्यांना विचारलं, खाज जास्त की आग? ते म्हणाले, आग. चालताना चरचरतं, घाम आला की जास्त. मग विचारलं, अंडकोषाच्या कातडीवरही लाली आहे का? होती. दोन्ही बाजूंना सारखीच? सारखीच. लाल भागाच्या बाहेर सुटे सुटे लहान पुरळ आहेत का? ते जरा विचार करून म्हणाले, हो, कडेला पांढरे ठिपकेही येतात. हे प्रश्न मी ओघात विचारले नव्हते. प्रत्येक उत्तराने एकेक शक्यता बाजूला होत होती.

नायटा, म्हणजे गजकर्ण, चंद्रकोरीसारखा मांडीच्या आतल्या बाजूला पसरतो. त्याची कड उंचावलेली, खवलेदार आणि लालसर असते, मध्यभाग मात्र हळूहळू निवळत जातो. खाज जोरात असते आणि अंडकोष बहुधा सुटतो. पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतील तर तिथली बुरशी चड्डी चढवताना जांघेत पोहोचते, म्हणून आम्ही पाय पाहतोच. नुसता घडीचा दाह असेल तर कड उंचावत नाही. एकमेकांवर टेकणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांवर ओलसर, सपाट लाली दिसते, कधी मधोमध चीर पडते. कॅन्डिडा त्याच दाहावर बसतो तेव्हा लाली गडद होते, अंडकोषावर येते, कातडी ओली पांढुरकी सुटते आणि मुख्य चट्ट्याबाहेर बारीक पुरळ, पूयुक्त ठिपके उठतात. या आचाऱ्यांच्या बाबतीत उत्तर बरंचसं इथेच मिळालं.

आता त्यांनी विचारलेला प्रश्न: एवढी स्वच्छता ठेवूनही हे का? कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि तो जरा कोरडा राहिला तरच घट्ट टिकतो. घडीत दोन कातड्या एकमेकींना चिकटून असतात, त्यामुळे घाम सुकायला जागाच नसते. पाणी शोषून हा थर फुगतो, मऊ पडतो. आणि ओल्या कातडीचं घर्षण कोरडीपेक्षा जास्त असतं, त्यामुळे पाऊल टाकताना ती सरकण्याऐवजी ओढली जाते. हळूहळू वरचा थर झिजून बारीक ओरखडे पडतात. दाह सुरू होतो तो इथे. यीस्ट किंवा बुरशी या तयार झालेल्या जागेत नंतर शिरते. शिवाय निरोगी कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, त्याने यीस्टला आळा बसतो. साबण बहुधा अल्कधर्मी. तो वारंवार घासला की ती आम्लता आणि वरचं तेल दोन्ही जातात. पावडरीचंही तसंच. घामात भिजून तिचे खडे होतात आणि खडे घडीत घासतात.

डॉक्टरांनी कडेची खरवड घेतली आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. फुटवे आलेल्या यीस्टच्या पेशी आणि त्यांच्या साखळ्या दिसल्या. नायट्यात लांब, फांद्या फुटलेले तंतू दिसले असते. ही तपासणी साधी आहे, लगेच होते. पण आधी कित्येक दिवस ट्यूब लावत राहिलात तर काही सापडत नाही, म्हणून मलम थांबवून जाणं चांगलं. नंतर त्यांची उपाशीपोटीची साखर तपासली, ती १९० च्या आसपास निघाली. १२६ किंवा त्याहून जास्त आकडा पुन्हा तपासणीत आला तर मधुमेह समजतात, आणि त्यांचा दुसरा आकडाही तसाच आला. वारंवार येणारा जांघेतला कॅन्डिडा साखरेचा पहिला इशारा असू शकतो, हे त्यांना पटवणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं, कारण साखर तशीच राहिली असती तर नुसत्या मलमाने हे परत परत आलं असतं.

स्टेरॉइडची ट्यूब थांबवली. ती लाली आणि खाज दाबते, म्हणून आठ दिवस बरं वाटतं. खाली संसर्ग मात्र वाढत जातो. नायट्यावर लावली तर कड पुसट होते, ओळखणं अवघड होतं आणि तो पसरतो. जांघेची कातडी पातळ असल्याने अशा ट्यूबा लांबवल्या की कायमचे वळ पडतात. त्यांना डॉक्टरांनी क्लोट्रिमाझोल दिलं, दिवसातून दोनदा, पातळ थर. हे यीस्ट आणि नायटा दोन्हींवर काम करतं. नायट्यावर प्रभावी असलेलं टर्बिनाफाइन कॅन्डिडावर तितकं भरवशाचं नाही. नायटा असता तर कडेबाहेरची दोन सेंटिमीटर कातडी धरून लावायला आणि चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायला सांगितलं असतं. भारतात औषधाला सहज न बधणारा नायटा अलीकडे बराच दिसतो, त्याला कधी पोटातून गोळ्या लागतात, त्या डॉक्टरच ठरवतील.

आचाऱ्यांच्या रोजच्या सवयीत मी तीन बदल सुचवले. आंघोळ दोनदा, जांघेत साबण न घासता नुसतं पाणी. मग टॉवेल चोळायचा नाही, टिपायचा, आणि थोडा वेळ पंख्याखाली बसून कातडी पूर्ण सुकल्यावरच कपडे. मांड्यांपर्यंत येणारी सुती, सैल चड्डी, म्हणजे मांडी मांडीला घासत नाही, आणि कामावर एक जादा चड्डी दुपारी बदलायला. पहिल्या आठवड्यात आग कमी झाली, महिन्याभरात लाली गेली. साखरेची गोळी सुरू आहे.

तुमच्या बायकोपासून लांब झोपण्याचं. नुसता घडीचा दाह असेल तर तो कुणाला लागत नाही. नायटा असेल तर टॉवेल, चादर आणि अंगाच्या स्पर्शातून लागू शकतो, म्हणून टॉवेल वेगळा ठेवा आणि घरात कुणाला खाज असेल तर त्यांनाही त्याच वेळी दाखवा, नाही तर तो घरातच फिरत राहतो. कॅन्डिडा असेल आणि बायकोलाही खाज किंवा पांढरा स्राव होत असेल, तर दोघं मिळून डॉक्टरांकडे जा. काय निघतं ते कळेपर्यंत एवढी काळजी पुरे. तोपर्यंत ती ट्यूब बंद करा आणि साखर तपासून घ्या. लाली गरम, दुखरी होऊन झपाट्याने पसरली, पू आला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.