प्रभामंडल का तापतं: ऊर्जा कमी नाही, ती विरते कुठे हे सापडत नाही

प्रश्न: सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश आणि बाहेरचं प्रभामंडल दहा-वीस लाख अंश. शेकोटीपासून लांब गेलं की ऊब कमी होते, मग इथे उलटं कसं? आणि इतकी यानं पाठवूनही उत्तर का मिळत नाही?

शेकोटीचा हिशोब इथे लागू होत नाही, कारण प्रभामंडल खालून येणाऱ्या उष्णतेवर तापत नाही. थंड थराकडून गरम थराकडे उष्णता आपोआप वाहणार नाही. उलट वरची उष्णता सतत खाली झिरपत असते. वर पोहोचते ती यांत्रिक आणि चुंबकीय ऊर्जा, आणि तिचं उष्णतेत रूपांतर वर गेल्यावर होतं. हात चोळले की तळवे तापतात, त्यासाठी स्नायू तळव्यांपेक्षा गरम असावे लागत नाहीत, तसंच हे.

आधी आकडे पाहू, कारण बराच गोंधळ तापमान आणि ऊर्जा एकच समजल्याने होतो. दीप्तिगोल, म्हणजे आपल्याला दिसणारा पृष्ठभाग, दर चौरस मीटरमागे सुमारे ६.३ कोटी वॉट प्रकाश बाहेर टाकतो. शांत भागातलं प्रभामंडल गरम ठेवायला तेवढ्याच जागेमागे साधारण ३०० वॉट लागतात, तर सूर्यडागांभोवतीच्या सक्रिय भागात सुमारे १०,००० वॉट. म्हणजे शांत भागाची गरज एकूण ऊर्जेच्या दोन लाखाव्या हिश्शाएवढीच आहे. प्रभामंडल दीप्तिगोलापेक्षा कोट्यवधी पट विरळ असल्यामुळे एवढ्याशा ऊर्जेत ते दहा लाख अंशांवर जातं. फुलबाजीची ठिणगी उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असते, तरी हातावर पडली तर पाण्याइतकं भाजत नाही. तोच फरक.

पण मग ते वीस-तीस हजार अंशांवरच का थांबत नाही? याचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं आहे. वायूची प्रकाश टाकून थंड होण्याची क्षमता घनतेच्या वर्गाप्रमाणे घटते. वर जाताना घनता झपाट्याने कमी होते, पण मिळणारी ऊर्जा तितक्या वेगाने कमी होत नाही. शिवाय साधारण एक लाख अंशांच्या पुढे तापमान वाढलं तरी उत्सर्जन वाढण्याऐवजी कमी होत जातं. त्यामुळे तिथे तापमानाला आवर घालणारं काही उरत नाही आणि ते उसळी मारतं. थांबतं ते दहा-वीस लाखांपाशी, कारण तिथे उष्णतावहन इतकं जोरदार होतं की जादा उष्णता चुंबकीय रेषांवरून खाली, दीप्तिगोलाच्या लगेच वर असलेल्या वर्णगोल नावाच्या थराकडे वाहून जाते.

आता ऊर्जा वर येते कशी ते एका उदाहरणाने पाहू. दीप्तिगोलात उकळत्या पाण्यासारखी खळबळ सतत चालू असते आणि चुंबकीय रेषांची मुळं तीत रुतलेली असतात. मुळं इकडे-तिकडे सरकली की वरच्या रेषा वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींत गुंततात. सौरभौतिकशास्त्रज्ञ युजीन पार्कर यांनी १९८८ मध्ये मांडलेला हिशोब असा:

```
S = (B²/μ₀) · v · tan θ
```

S म्हणजे दर चौरस मीटरमागे वर जाणारी ऊर्जा, μ₀ हा निर्वाताचा चुंबकीय स्थिरांक, B म्हणजे चुंबकीय क्षेत्र, v म्हणजे मुळांचा वेग आणि θ म्हणजे रेषा उभ्या दिशेपासून किती कलल्या तो कोन. क्षेत्र ०.०१ टेस्ला (१०० गाउस) आणि वेग सेकंदाला ५०० मीटर धरा. B²/μ₀ सुमारे ८० येतं, त्याला ५०० ने गुणलं की ४०,०००. कोन १४ अंश असेल तर tan θ म्हणजे ०.२५, आणि उत्तर येतं १०,००० वॉट प्रति चौरस मीटर. सक्रिय भागाची गरज नेमकी तेवढीच.

माझ्या मते खरं कोडं या १४ अंशांत आहे. गुंता होताक्षणीच सुटत गेला तर रेषा जवळजवळ उभ्याच राहतील आणि ऊर्जा वर चढणारच नाही. सुटलाच नाही तर ताण साचत जाईल, पण उष्णता मिळणार नाही. म्हणजे पेड ठरावीक कोनापर्यंत कलू द्यायचे आणि मग झटकन तोडून जोडायचे, असं काहीतरी तिथे घडत असलं पाहिजे. पार्कर यांनी अशा एकेका तुटण्याला नॅनोफ्लेअर म्हटलं.

अडचण कशी येते पाहा. दहा लाख अंशांचा वायू विजेचा इतका उत्तम वाहक असतो की त्यात चुंबकीय क्षेत्र विरायला फार वेळ लागतो. १०,००० किलोमीटर रुंदीच्या रचनेला सुमारे तीस लाख वर्षं लागतील, आणि प्रभामंडल तर ऊर्जा थांबल्यास साधारण तासाभरात थंड होतं. विरण्याचा वेळ जाडीच्या वर्गाने बदलतो, म्हणून विद्युतप्रवाहाचे थर काही डझन मीटर इतके पातळ असतील तरच गणित जमतं. सोलर ऑर्बिटर यान सूर्याजवळ असतानाही सुमारे २०० किलोमीटरपेक्षा बारीक तपशील टिपू शकत नाही. यानं पाठवूनही उत्तर का नाही, त्याचं मोठं कारण हेच. पार्कर सोलर प्रोब डिसेंबर २०२४ मध्ये पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवर गेलं, पण तापण्याचं मुख्य काम त्याच्या कितीतरी खाली होतं.

दुसरा दावेदार म्हणजे आल्फवेन लहरी, चुंबकीय रेषांवरून तारेच्या कंपनासारख्या धावणाऱ्या. २०११ मध्ये एसडीओ यानाच्या निरीक्षणांतून दिसलं की शांत भागाला पुरेल इतकी ऊर्जा या लहरींत आहे, पण सक्रिय भागात ती फार कमी पडते. शिवाय या लहरी सहजासहजी विरत नाहीत, त्यामुळे त्यांनाही शेवटी तसेच बारीक थर बनवावे लागतात. (साध्या ध्वनिलहरी मात्र १९७० च्या दशकातच बाद झाल्या, त्या वर्णगोलातच संपतात.)

मग दोन्ही वेगळे ओळखायचे कसे? तापमान मोजून नाही. वहन इतकं जोरदार आहे की ऊर्जा दहापट केली तरी तापमान दुप्पटही होत नाही. त्यामुळे ऊर्जा कुठून आली याची खूण पुसली जाते. ऊर्जा झटक्यांनी मिळत असेल तर मात्र क्षणभर ८०-९० लाख अंशांचा वायू तयार झाला पाहिजे. तो फार विरळ, म्हणून अतिशय मंद दिसेल, कारण खालून नवा वायू वर येऊन घनता वाढेपर्यंत तो थंड झालेला असतो. २०१३ च्या यूनिस रॉकेट उड्डाणात १८ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची वर्णपटातली रेषा ज्वाला नसलेल्या सक्रिय भागात दिसली, ती अशा वायूचीच खूण. नॅनोफ्लेअरच्या बाजूचा हा मला सर्वांत ठोस वाटणारा पुरावा आहे, पण तो सक्रिय भागापुरता. शांत भागाबद्दल त्यातून काही ठरत नाही.

आदित्य-एल१ वरचं व्हीईएलसी हे उपकरण ५३०.३ नॅनोमीटरची हिरवी रेषा मोजतं, ती १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची. १८६९ च्या ग्रहणात ती प्रथम दिसली तेव्हा नवं मूलद्रव्य समजली गेली होती; खरी ओळख १९४० च्या आसपास पटली आणि तेव्हाच प्रभामंडल इतकं गरम असल्याचं कळलं. वीस लाख अंशांना लोहाच्या अणूंचा वेग सेकंदाला सुमारे २४ किलोमीटर असतो आणि त्या वेगामुळे रेषा थोडी पसरते; प्रत्यक्षात मात्र ती त्याहून रुंद दिसते. ही जादा रुंदी म्हणजे लहरींची हालचाल, असं बातम्यांत सर्रास लिहिलेलं सापडेल. पण झटक्यांतून सुटलेले प्रवाहही रेषा तशीच रुंद करतात. म्हणून रुंदी एकटी वाचू नका. ती उंचीप्रमाणे कशी बदलते आणि रेषेचा मध्य ठरावीक कालावधीने मागेपुढे डोलतो का, हे सोबत पाहा. डोलत असेल तर लहर म्हणायला आधार आहे.