जीएसटीआर-1 आणि 3बी जुळत नाहीये, 36,000 चा फरक

"मे 2025 च्या जीएसटीआर-1 मध्ये टॅक्सेबल सेल 4,82,000 आहे आणि 3बी मध्ये 4,46,000. दोन्ही फाईल झालेत. दोन्हीत नेमका फरक काय आणि आता मॅच कसं करू?"

जीएसटीआर-1 मध्ये तुम्ही काय विकलं ते जातं, रजिस्टर्ड कस्टमरचं बिलवार, आणि त्यावरूनच त्याच्या जीएसटीआर-2बी या स्टेटमेंटमध्ये क्रेडिट दिसतं. 3बी म्हणजे त्या महिन्याचा एकूण हिशोब, विक्रीवरचा टॅक्स, त्यातून आयटीसी, म्हणजे खरेदीवर दिलेल्या टॅक्सचं क्रेडिट, वजा, उरलेलं कॅशमधून. पैसे 3बी नेच जातात, 1 ने एक रुपयाही जात नाही, पण 1 मध्ये लिहिलेली लायबिलिटी तुम्ही स्वतःच कबूल केलेली असते, म्हणून 3बी मध्ये ती कमी दिसली की सिस्टीम विचारते. फरक मोठा असेल तर पोर्टलवरून डीआरसी-01बी ही विचारणा येते, सात दिवसांत उत्तर द्यायचं, नाहीतर पुढचं जीएसटीआर-1 अडकतं.

आता तुमचे 36,000. पहिल्यांदा क्रेडिट नोट्सचं रजिस्टर उघडा. माझ्याकडे हाच प्रकार बऱ्याचदा दिसलाय, माल परत आला, क्रेडिट नोट बुक्समध्ये टाकली, 3बी भरताना बुक्सचा आकडा बघून ऑटो आलेला आकडा हाताने कमी केला, पण नोट 1 मध्ये टाकायची राहून गेली. 18% ने 6,480 टॅक्स कमी भरला गेला आणि कस्टमरच्या 2बी मध्ये मात्र नोट दिसतच नाही, त्याचं आयटीसी तसंच.

असंच असेल तर नोट जून 2025 च्या 1 मध्ये टेबल 9बी ला टाका. इथेच पुढची चूक होते. समजा जूनची बुक्समधली विक्री 5,00,000 आहे. नोट टाकल्यामुळे 3बी मध्ये ऑटो आकडा 4,64,000 येईल. तो तसाच ठेवलात तर 36,000 दोनदा वजा होतील, कारण मे मध्ये तुम्ही ते आधीच घेतलेत! 3.1(a) मध्ये पूर्ण 5,00,000 ठेवा. मग दोन महिन्यांची बेरीज बघा, 1 मध्ये 4,82,000 + 4,64,000 आणि 3बी मध्ये 4,46,000 + 5,00,000, दोन्हीकडे 9,46,000. महिना महिना वेगळा दिसेल, चालतं, डीआरसी-01बी आलंच तर हेच कारण नोट नंबर आणि तारखेसकट लिहा.

नोट सापडलीच नाही, म्हणजे एखादं बिलच 3बी मध्ये राहिलं, तर सरळ पुढच्या 3बी मध्ये 6,480 भरा आणि 18% वार्षिक दराने व्याजही, आयटीसी शिल्लक असलं तरी व्याज त्यातून जाणार नाही, ते कॅशनेच.

आणि यापुढे 1 फाईल केल्यावर चूक दिसली तर 3बी च्या आधी जीएसटीआर-1ए हा दुरुस्तीचा फॉर्म भरा, त्या महिन्यासाठी एकदाच मिळतं, नोट तिथेच टाकली असती तर हा घोळ झालाच नसता.