बसने सीमा ओलांडताना शिक्के स्वतः तपासून घ्या

प्रश्न: आजवर फक्त विमानानेच परदेशी गेलोय. आता हो ची मिन्ह सिटीहून नॉम पेन्हला बसने जायचंय. सीमेवर विमानतळासारखीच तपासणी असते का?

उत्तर: कागदपत्रं तीच लागतात, पण ती कोण बघतं आणि कधी बघतं, यात मोठा फरक आहे. विमानाच्या वेळी व्हिसात काही खोट असेल तर चेक-इनलाच अडवतात. चुकीचा प्रवासी नेला तर त्याला परत आणायचा खर्च आणि अनेक देशांत दंडही विमान कंपनीला भरावा लागतो, म्हणून ते आधीच कसून बघतात. बसवाले इतकं बघतील याची खात्री नाही. तुमचा व्हिसा चालत नाही हे कळतं तेव्हा तुम्ही पहिल्या देशातून बाहेर पडलेले असता. व्हिएतनामचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर बाहेर पडल्याचा शिक्का बसला की तो संपला. मग मागे फिरणंही अवघड.

तुमच्या वाटेवर व्हिएतनामच्या बाजूला मोक बाय आणि कंबोडियाच्या बाजूला बावेट लागतं. ही दोन वेगळी कार्यालयं आहेत, मध्ये थोडं अंतर आहे. कंबोडियाचा ई-व्हिसा ठरावीक नाक्यांवरच चालतो. बावेट त्या यादीत आहे, पण पुढेमागे दुसऱ्या वाटेने जायचं ठरवलंत तर यादी पुन्हा बघा. ई-व्हिसाची छापील प्रत जवळ ठेवा, फोनवर विसंबू नका.

आता खरी काळजीची गोष्ट. या मार्गावर बसचा मदतनीस बऱ्याचदा सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतो आणि गठ्ठाच खिडकीवर देतो. मी गेलो तेव्हा परत आलेल्या गठ्ठ्यात माझ्या शेजारच्या प्रवाशाच्या पासपोर्टवर व्हिएतनामचा बाहेर पडल्याचा शिक्काच नव्हता. बावेटच्या अधिकाऱ्याने पानं उलटून पाहिली आणि त्याला परत पाठवलं. बिचारा सामान उचलून उन्हात चालत मोक बायला गेला. बस थांबली म्हणून निभावलं. विमानतळावर असं सहसा होत नाही, कारण तिथे इमिग्रेशनमधून गेल्याशिवाय गेटपर्यंत पोचताच येत नाही.

म्हणून पासपोर्ट हातात आला की तिथेच उभं राहून उघडा. ताज्या तारखेचा शिक्का आणि त्यावर नाक्याचं नाव दिसतंय का, ते बघा. बावेटला हीच तपासणी पुन्हा करा, तिथे मुक्कामाची मुदतही बघून घ्या. उतरताना सामान सोबत घ्यावं लागलं तर सगळं घ्या आणि बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा, पलीकडे एकसारख्या बस रांगेत उभ्या असतात.

रेल्वेचं गणित वेगळं आहे. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकात पॅरिसच्या गाडीत चढण्याआधीच फ्रेंच पोलीस पासपोर्ट बघतात, त्यामुळे ते विमानतळासारखंच वाटतं. इतर काही मार्गांवर अधिकारी डब्यात येऊन बघतात. तिथेही शिक्का मिळाला का, हे अधिकारी पुढच्या डब्यात जाण्याआधी बघा.