पक्षपात म्हणून माझे मार्क कापले गेले होते

प्रश्न: तुलनात्मक निबंधात दोन स्रोत एकमेकांच्या विरुद्ध सांगत असतील, तर दोघांनाही न्याय देऊन कसं लिहायचं?

एम.ए.ला माझा विषय होता शिवजन्माची तिथी. मल्हार रामराव चिटणीसांची बखर शके 1549, म्हणजे 1627 सांगते. जेधे शकावली, म्हणजे तारीखवार नोंदींची यादी, सांगते शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. सरांनी बजावलं होतं, दोघांना सारखी जागा द्या. मी अर्धा निबंध बखरीवर लिहिला, अर्धा शकावलीवर. सर खूश झाले. पण वाचताना लक्षात आलं की बखरीबद्दल मी भाषा आणि वर्णनं लिहिली होती, शकावलीबद्दल तारखा. मग तुलना झाली कुठे?

सगळं फाडून पुन्हा लिहिलं. एकेक प्रश्न घेतला आणि तोच दोघांना विचारला. कधी लिहिलं? बखर 1811च्या सुमाराची, घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळाने. शकावलीतल्या नोंदी 1697पर्यंत येतात. कोणी लिहिलं? इथे बखर वरचढ ठरते: लेखक माहीत आहे, चिटणिशी त्याच्या घराण्यात वंशपरंपरेने होती, जुने कागद त्याच्या हाताशी होते. शकावली कोणी लिहिली ते ठाऊक नाही, आणि जेधे घराण्याची कामगिरी तिच्यात ठळकपणे येते. हेही मी लिहिलं. आवडत्या साधनाला अडचणीचा प्रश्न विचारला नाही, तर न्यायाच्या गप्पा मारू नयेत.

तिसरा प्रश्न, पडताळा घेता येतो का? शकावलीत तिथीबरोबर वार आहे. ती तिथी जुन्या ज्युलियन गणनेने 19 फेब्रुवारी 1630 येते, आणि तो दिवस शुक्रवारच निघतो. नुसता वार जुळणं योगायोगही असू शकतो, सातात एकदा. पण महाराजांच्या काळातच रचलेल्या कवी परमानंदाच्या ‘शिवभारत’ काव्यातही हीच तिथी आहे.

म्हणून मी 1630 हा निष्कर्ष काढला. बखर खोटी आहे असं कुठेही म्हटलं नाही. उशिरा लिहिलेल्या बखरीवर नेमक्या तिथीसाठी विसंबू नये, पण साताऱ्याच्या दरबारात महाराजांची आठवण कशी जपली गेली हे तिच्यातूनच कळतं, असं लिहिलं. सरांनी शेरा मारला ‘पक्षपात’ आणि मार्क कापले. त्यांचं म्हणणं, निर्णय वाचकावर सोडा. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. पुरावा एका बाजूला झुकत असताना काटा मध्ये धरून ठेवणं हा जड बाजूवर अन्याय आहे.

दोन्ही साधनं एकाच काळातली असतील आणि तिसरा आधार मिळतच नसेल, तर मात्र निष्कर्ष मोकळा ठेवा, आणि का ठेवला तेही सांगा. परीक्षकाची पद्धतही आधी विचारून घ्या.

माझी प्रत अजून कपाटात आहे. तिच्यात बखरीच्या जमेच्या बाजूचा परिच्छेद शकावलीच्यापेक्षा चार ओळींनी मोठा आहे.